नाव बदललं तरी मांजर हाकेला येत नाही? आधी घरातल्या हाका मोजा

"ताई, नवीन नाव ठेवलं, आठ दिवस छान येत होती. आता परत तेच. हाक मारली तरी ढिम्म."

मी नाशिकला राहते आणि रस्त्यावर सापडलेली मांजरीची पिल्लं सांभाळून चांगल्या घरी देते. दिलेल्या घरांतून नंतर जे फोन येतात त्यांत जेवण, केस आणि सोफा यांच्या खालोखाल ही तक्रार असते. लोक नाव बदलतात, थोडे दिवस बरे जातात, मग गाडी मूळपदावर. पुन्हा नाव बदलतात. एका घरात तर वर्षभरात चार नावं झाली होती आणि मांजर शांतपणे कपाटावर बसून चारही नावांना सारखीच दाद देत नव्हती.

बहुतेक वेळा दोष मांजराचा नसतो आणि मांजरं हट्टी असतात हे उत्तरही पुरेसं नाही. नाव घरातल्या दुसऱ्या कुठल्यातरी आवाजात मिसळून गेलेलं असतं. एका घरातला सगळा प्रकार पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुमच्याकडे काय शोधायचं ते लक्षात येईल.

आधी दोन शंका मिटवा

पहिली, तिला ऐकू येतं का? पूर्ण पांढऱ्या मांजरांत, त्यातही निळ्या डोळ्यांच्या, जन्मजात बहिरेपण बऱ्यापैकी आढळतं. मांजर पाठमोरं बसलेलं असताना दुसऱ्या खोलीतून खाऊचा डबा वाजवा. टाळी जवळून वाजवू नका, हवेचा झोत लागला तरी ती वळते आणि आपली फसगत होते. कान सतत खाजवत असेल, आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट मळ दिसत असेल तर गोचिडीसारखे बारीक किडे असू शकतात. नावाचा विचार नंतर, आधी पशुवैद्य.

दुसरी शंका अशी की ती खरंच ओळखत नाही, की ओळखून उठत नाही? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानमध्ये आत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवर एक साधा प्रयोग केला, तो 2019 साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये प्रसिद्ध झाला. नावाएवढ्याच लांबीचे, त्याच ढबीने उच्चारलेले चार वेगळे शब्द एकामागोमाग ऐकवायचे. मांजर हळूहळू कंटाळतं, कान हलेनासे होतात. मग पाचवा शब्द म्हणजे तिचं नाव. घरातली मांजरं त्या पाचव्या शब्दाला पुन्हा कान टवकारत, मान वळवत. मात्र उठून येणं फार क्वचित. म्हणजे ओळखीची खूण कानात दिसते, पायांत नाही.

हे घरी सहज करता येतं. मांजर जागं आहे, पोट ना भरलेलं ना उपाशी, अशी वेळ गाठा. तिच्यामागे बसून एकाच सुरात चार शब्द म्हणा, प्रत्येकानंतर पंधरा सेकंद थांबा, मग नाव. कान फिरले तर ती ओळखते, फक्त यायचं तिला कारण दिसत नाही. कान चौथ्या शब्दाइतकेच गप्प राहिले तर नाव तिच्यासाठी नाव उरलेलंच नाही. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

जाईचं घर

मांजरीचं नाव जाई. घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू जय. सकाळी धुणंभांड्याला मावशी येतात. नाव आजींनी ठेवलेलं, पांढरीशुभ्र मांजर म्हणून. इतकं गोड नाव की मीही तेव्हा काही बोलले नाही.

सुनेचा फोन आला तेव्हा तिचं म्हणणं होतं की जाई फक्त आजींचं ऐकते. आजी सकाळी हाक मारतात आणि ती धावत येते. आम्ही मारली तर बघतसुद्धा नाही. मी घरी गेले. आजींना म्हटलं, "आजी, तुम्ही नुसती हाक मारून दाखवा, डब्याला हात न लावता." आजींनी मारली. जाई आली नाही. पुन्हा मारली. नाही. मग सवयीने आजींचा हात स्टीलच्या डब्याकडे गेला, झाकण किंचित वाजलं आणि जाई गॅलरीतून हजर. ती नावाला कधी येतच नव्हती, झाकणाला येत होती. आजी जरा हिरमुसल्या.

मग मी सुनेला एक काम दिलं. सकाळी सात ते नऊ, कागद घेऊन बसायचं आणि जे शब्द मोठ्याने बोलले जातात, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तेवढेच टिपायचे. हळू आवाजातलं बोलणं सोडून द्यायचं. दोन तासांत जमलेला हिशेब असा: 'आई' 26 वेळा, 'जय' 19 वेळा, 'जा' 11 वेळा, 'पाणी' 7 वेळा. आणि 'जाई' 14 वेळा.

'आई' 26 वेळा कशी? कारण त्या घरात आई दोन. जयची आई, आणि जयचे बाबा व आई दोघेही आजींना आईच म्हणतात. मराठी घरात हे अगदी नेहमीचं आहे, पण नाव ठेवताना कुणी मोजत नाही.

म्हणजे 14 वेळा मांजरीला हाक आणि 63 वेळा तिच्या नावासारखं काहीतरी, ज्याच्याशी तिचा काही संबंध नाही. त्या 14 पैकी खाऊ मिळाला फक्त दोनदा. पाच वेळा ओरडा होता ("जाई, ओट्यावरून खाली!"). उरलेल्या सात वेळा कुणीतरी तिच्याबद्दल बोलत होतं किंवा उगाच लाड करत होतं. ज्या आवाजातून दोन तासांत सत्याहत्तर वेळांपैकी दोनदाच काही निष्पन्न होतं, त्याकडे दुर्लक्ष करायला कुठलाही शहाणा प्राणी शिकेल.

भिंतीपलीकडून नाव कसं ऐकू येतं

आपण नाव कागदावर वाचल्यासारखं तपासतो. ज आणि आ वेगळे दिसतात, म्हणून जाई आणि आई वेगळे वाटतात. स्वयंपाकघरातून गॅलरीत मात्र अक्षरं पोचत नाहीत, आवाज पोचतो. व्यंजनं क्षणभराची आणि दुबळी असतात. भिंत, पडदा, मिक्सर, पंखा यांत ती गळून जातात. स्वर लांब आणि जोरकस असतात, ते टिकतात. त्यात आपली हाक मारायची पद्धत म्हणजे शेवटचा स्वर ताणून वर चढवायचा: "आऽईऽऽ". "जाऽईऽऽ" तसंच, त्याच चालीवर. पलीकडे पोचतं ते दोन्हींचं सारखंच.

म्हणून नावाचा फक्त स्वरांचा सांगाडा काढून बघा. जाई म्हणजे आ-ई. आता हाच सांगाडा असलेले घरातले शब्द आठवा: आई, ताई, माई, पाणी, भाजी, गाडी, चावी, काठी. आ-ई ही मराठी घरातली सगळ्यात गर्दीची जागा आहे. तिथे मांजराचं नाव ठेवणं म्हणजे दादरला ऐन गर्दीच्या वेळी पुलावर उभं राहून कुणाला तरी "अहो" म्हणून हाक मारण्यासारखं.

जाईचं दुखणं एवढ्यावर थांबत नव्हतं. नावाची सुरुवातच 'जा'. तिला ओट्यावरून हाकलताना घरचे म्हणत, "जा, जा बाहेर." म्हणजे बोलावण्याचा पहिला अर्धा भाग तिच्यासाठी हाकलण्याचाच होता. आणि जय तर इतका जवळचा की शाळेची बस यायच्या वेळी जयला मारलेल्या हाकांना सुरुवातीचे काही आठवडे मांजरच येऊन उभी राहायची, असं आजींना मागाहून आठवलं. तेव्हा सगळे हसले होते. ती येत होती, काही मिळत नव्हतं, ती यायची थांबली.

पहिली दुरुस्ती फसली ती इथे

मला फोन करण्याआधी त्यांनी स्वतःच एकदा नाव बदलून पाहिलं होतं. मनी. साधं, जुनं, मांजराचं हक्काचं नाव. आठ दिवस उत्साहात गेले. सगळे खाऊ हातात घेऊनच मनी म्हणत होते, ती येत होती. मग खाऊ थांबला आणि मनी 'पाणी'त विरघळली. "पाणी आलं का?", "पाणी दे", "मोटर लाव, पाणी गेलं." अ आणि आ दुरून जवळजवळ सारखेच, शेवट तर नी आणि णी. शेजारी 'वहिनी' म्हणून हाक मारत येणारी एक मुलगी होतीच.

दुसरी अडचण खास आपल्या भाषेची आहे. आपण नाव हाकेत वाकवतो. चिंगीला "चिंगे", मनीला "मने", बोक्याचं तर मुळातच बोका-बोक्या. लाडात आलो की मनुडी, मन्या, मनीबाई. आजी "मने" म्हणत, जय "मनुडी", बाबा "ए मनी". तीन माणसांची तीन नावं, आणि "मने" दुरून "म्हणे"सारखंच. मांजराच्या बाजूने विचार केला तर तिला एक नाव दिलंच नव्हतं. शेवटी सगळे पुन्हा जाईच म्हणायला लागले.

ई-कारान्त आणि आ-कारान्त नावं हाकेत हमखास वाकतात. व्यंजनावर किंवा ऊ-वर संपणारी नावं आहेत तशी राहतात. टिपूला कुणी टिपे म्हणत नाही. हे साधं गणित नाव निवडताना खूप कामाला येतं.

वाक्याच्या शेपटाकडेही बघा

आज्ञांची यादी करताना लोक थांब, बस, चल, नको एवढ्यावर थांबतात. पण आपण आज्ञा नुसती देत नाही, तिला शेपूट लावतो. "ये ना", "दे ना", "उठ ना". त्यामुळे लुना, मीना, पुदिना ही नावं दिवसभर घरात अर्धीमुर्धी ऐकू येत राहतात. कोल्हापूर-सांगलीकडे शेपूट 'की'चं असतं, "बस की", "खा की". तिकडच्या घरात मिकी किंवा पिंकी ठेवण्याआधी दहादा विचार करा. विदर्भात आणखी वेगळी शेपटं असतील, तुमच्या घरात कुठली आहेत ते तुमच्याच कागदावर उमटेल.

नेहमीच्या टकरा सांगायच्या तर कोको आणि नको ही सर्वात वाईट, कारण 'नको' बहुतेक वेळा मांजरालाच ओरडून सांगितलेलं असतं. "कोको, नको!" यात तिला बोलावलं की रोखलं? माऊ हे नाव ज्या घरात भाऊ आहेत तिथे नको, आणि मावशींना दिवसभर हाक मारली जाते तिथेही जपून.

सिंबा मात्र जरा सविस्तर सांगायला हवा. ठाण्याच्या एका घरातला बोका नाव घेतलं की पलंगाखाली शिरायचा. येत नाही हे ठीक, पण पळून का जातो? त्या घरात ऐंशीच्या पुढचे आजोबा होते, तोल जायचा. ते काठीशिवाय उठायला लागले की कुणीतरी किंचाळायचं, "बाबा, थांबा!" आणि दोघंतिघं धावत सुटायचे. सिंबा, थांबा. लहान मुलाला आपण "थांब" म्हणतो, तिथे टक्कर झाली नसती. वडीलधाऱ्यांना "थांबा" म्हणतो म्हणून झाली. मांजराच्या दृष्टीने त्या आवाजापाठोपाठ नेहमी धावती माणसं येतात, तर लपावं हेच बरोबर. असं भीतीशी जोडलेलं नाव दुरुस्त करत बसू नये. सरळ सोडून द्यावं.

नवं नाव निवडताना

जाईच्या घरी आम्ही कागद समोर ठेवून बसलो. कागदावरच्या हाकांत बहुतेक शब्द आ, ए किंवा ई वर संपत होते: बाबा, ये, दे, घे, आई, पाणी. ऊ-वर संपणारं जवळजवळ काही नव्हतं. त्या घरात काकू नाहीत, भाऊ नाहीत. तुमच्याकडे काकू असतील तर ही मोकळी जागा तुमच्यासाठी मोकळी नाही, हे लक्षात ठेवा. म्हणून 'अमुक नाव चांगलं' अशी यादी मी कुणालाच देत नाही.

इ-ऊ हा सांगाडा मोकळा दिसला. सुनेने सुचवलं, टिपूस. मला फारच आवडलं. ट सारखं कडक व्यंजन सुरुवातीला, स शेवटी, व्यंजनावर संपतं म्हणून वाकणार नाही. शिवाय स आणि च यांत बारीक सीत्कार असतो, आणि मांजराला उंच आवाज आपल्यापेक्षा कितीतरी चांगले ऐकू येतात. "पिस् पिस्" ऐकून ती वळते ते उगाच नाही. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "अगं, पण मावशींना आपण दिवसभर काय सांगतो? ओटा पूस, फरशी पूस." टिपूस गेलं. पावसाळ्यात "पाऊस आला, कपडे काढा" हेही होतंच.

शेवटी तिच्या नाकाशेजारी एक करडा ठिपका आहे त्यावरून ठरलं, टिंबू. जय लगेच म्हणाला, "लिंबू!" बरोबर आहे, यमक जुळतं. पण दोन तासांच्या कागदावर लिंबू एकदाही नव्हता. लिंबू आपण जेवणाच्या ताटावर हळू आवाजात मागतो, तोही कधीमधी. टक्कर मोजताना शब्द सारखा आहे का यापेक्षा तो किती वेळा आणि किती मोठ्याने येतो हे जास्त महत्त्वाचं. मी हिरवा कंदील दिला.

नाव शिकवायचं कसं

इथे घाई झाली की सगळी मेहनत पाण्यात. उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करा. चिकन चालत नसेल त्या घरात तिचा नेहमीचा कोरडा खाऊ चालेल, मात्र जेवणाआधी, भूक असताना. मांजर हाताच्या अंतरावर असावं. नाव एकदाच म्हणा. मग हात डब्यात घाला आणि तुकडा द्या. हा क्रम उलटला तर ती हात ओळखायला शिकते, नाव नाही. आजींच्या झाकणाचं तेच झालं होतं. आठ-दहा वेळा झालं की थांबा. सकाळ-संध्याकाळ एकेकदा पुरे. ती तोंड फिरवून चाटायला बसली की त्या वेळचं संपलं, तिने संपवलं.

पहिले तीन दिवस हे काम एकाच माणसाने करायचं. टिंबूच्या घरी सुनेने केलं. बाकीच्यांनी त्या तीन दिवसांत मांजरीचं नावच घ्यायचं नाही, तिच्याबद्दल बोलायचं तरी 'मांजर' म्हणायचं. हेच सर्वांत कठीण गेलं. चुकून 'जाई' म्हणेल त्याने डब्यात एक रुपया टाकायचा असं जयने ठरवलं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त रुपये त्याच्या आजीचे निघाले.

चौथ्या दिवसापासून ती पाठमोरी असताना नाव घ्यायचं. तुकडा लपलेला, वास लगेच येणार नाही इतका दूर. कान किंवा मान वळली की लगेच द्यायचा. पाचव्या दिवशी टिंबूचा डावा कान फिरला, मान नाही. तोही पुरे. साधारण आठव्या दिवशी दुसऱ्या खोलीतून, मग घरातल्या बाकीच्यांनी, एकेकाने. जय जोशात "टिंबू टिंबू टिंबू टिंबू" म्हणायचा. त्याला सांगितलं की असं केलंस तर तिचं नाव आठ अक्षरी होईल. एकदा म्हणायचं, तीनपर्यंत मनात मोजायचं, नाही आली तर जवळ जाऊन पुन्हा एकदा.

आवाजाची ढब हवी तर लाडाची ठेवा, लाज वाटायचं कारण नाही. फ्रान्समध्ये 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजरं आपल्या माणसाच्या त्या खास मांजराशी-बोलायच्या आवाजाला वेगळा प्रतिसाद देताना दिसली, अनोळखी माणसाच्या तशाच आवाजाला नाही. आईला मारायच्या हाकेची चाल मात्र वापरू नका. सुनेने टिंबूसाठी शेवटचा ऊ न ताणता तोडायचं ठरवलं, "टिं-बू", दोन ठोके, संपलं. दुरूनही ते वेगळं पडतं.

आणि हे नाव नखं कापताना, औषध पाजताना, पिंजऱ्यात घालताना, ओरडताना घ्यायचं नाही. ओट्यावर चढली तर नावाशिवाय उचलून खाली ठेवा. पशुवैद्याकडे जाताना तिच्यापाशी आपण जायचं, तिला बोलवायचं नाही. ही एक गोष्ट मोडली की आठवड्यात सगळं उलटतं. फोनवर लोक म्हणतात "परत बिघडलं", तेव्हा मी आधी हेच विचारते आणि बऱ्याचदा उत्तर मिळतं: गोळ्या चालू होत्या.

दोन आठवड्यांनी तीच चार शब्दांची चाचणी पुन्हा करा, डबा दुसऱ्या खोलीत ठेवून. आम्ही शब्द घेतले चादर, पंखा, लोणचं, खिडकी. खिडकीपर्यंत टिंबू मख्ख. टिंबू म्हटल्यावर दोन्ही कान मागे फिरले आणि ती उठून आली. आता दर वेळी तुकडा द्यायची गरज नाही, पण तीन-चार हाकांमागे एकदा तरी काहीतरी मिळायला हवं. अजिबात बंद केलं तर मनीचं झालं तेच टिंबूचं होईल, नाव कितीही वेगळं असो.

नाव बदलायचंच नसेल तर

काही घरांत नाव सोडवत नाही. कुणाच्या आठवणीचं असतं, मुलाने ठेवलेलं असतं. मग कागदोपत्री नाव राहू द्या आणि बोलावण्यासाठी वेगळा आवाज ठेवा. जिभेचा टक् आवाज, ठरावीक शीळ, "टुक-टुक". शिकवायची रीत तीच. मांजराला फरक पडत नाही. ज्याला जाईच म्हणायचं आहे त्याने मांडीवर घेऊन खुशाल म्हणावं.

जुन्या नावाला ती थोडीफार कान हलवते आणि त्याच्याशी भीती जोडलेली नाही, अशी स्थिती असेल तर आधी नवं, लगेच मागून जुनं, मग तुकडा, असं काही दिवस करून जुनं हळूहळू गाळता येतं. सिंबाच्या बाबतीत हे करू नये, नव्या नावालाही तीच भीती चिकटते.

दोन मांजरं असतील तर सोनू-मोनू, चिंटू-पिंटू अशा जोड्या टाळा. ऐकायला गोड, पण इथे टक्कर मांजराची मांजराशीच होते. साइतोंच्या प्रयोगात मांजरांच्या कॅफेतली मांजरं आपलं नाव आणि तिथल्या दुसऱ्या मांजरांची नावं यांत फरक करताना दिसली नाहीत. तिथे कुणाचंही नाव घेतलं तरी खाऊ कुणालाही मिळू शकतो. घरी दोघींना वेगवेगळं बसवून शिकवलं आणि एकीच्या नावावर दुसरीला तुकडा दिला नाही तर ही अडचण येत नाही.

टिंबूच्या घरचा फोन त्यानंतर एकदाच आला, एप्रिलमध्ये. पाहुणे आले होते, सरबत करायचं होतं, आणि जयचे बाबा गाडीला किक मारताना सुनेने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "अहो, लिंबूऽऽ!" टिंबू आतल्या खोलीतून धावत ओट्यापाशी येऊन बसली. उन्हाळाभर हे चार-पाचदा झालं. नाव आता कुणी बदलायला तयार नव्हतं. म्हणून त्या घरात लिंबाला 'आंबट' म्हणतात. "अर्धा डझन आंबट आणा," हे ऐकून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने पहिल्यांदा त्यांना कैऱ्या दिल्या होत्या.